घड्याळ दिसलं, तर निरोप गेलेला नाही

म्हसवडहून आम्ही बोलतोय. आज एका ओळीच्या निरोपाची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या प्रभागसंघाची बैठक मोबाइलवर होती, सकाळी ११ वाजता. कर्जमागणीचे आकडे आमच्या कोषाध्यक्ष ताईंकडे होते. नेमकं तेव्हाच त्यांच्या शेळीचं पोट फुगलं आणि त्या जनावरांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होत्या. बोलता बोलताच त्यांनी गटावर लिहिलं, "येते थोड्या वेळात." आम्हाला तो निरोप मिळालाच नाही. आम्ही २५ मिनिटं वाट पाहिली. शेवटी कर्जाचा विषय पुढच्या महिन्यावर गेला आणि एका बहिणीची दोन शेळ्यांची खरेदी अडली.

नंतर फोन पाहिला, तर निरोपाखाली छोटं घड्याळ होतं. घड्याळ म्हणजे निरोप अजून आपल्याच फोनमध्ये आहे. एक टिक आली की तो फोनमधून गेला. ताईंच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एका सिमवर बोलणं चालू असलं, की दुसऱ्या सिमचं नेट बऱ्याच फोनमध्ये थांबतं. अशा वेळी बैठक चालवणाऱ्या ताईंना साधा एसएमएस करावा, आणि तो बोलणं चालू असलेल्या सिमवरूनच. त्याला नेट लागत नाही.

लिहायला जमत नाही म्हणून आवाजाचा निरोप पाठवू म्हणाल, तर फोनवर बोलत असताना व्हॉट्सॲप आवाज रेकॉर्ड करू देत नाही. म्हणून आम्ही ओळ आधीच लिहून ठेवली आहे. फोन स्पीकरवर टाकायचा, खालचं होमचं बटण दाबायचं. बोलणं तुटत नाही. मग ती ओळ कॉपी करून फक्त वेळ बदलायची.

आता "थोड्या वेळात" असं आम्ही लिहीत नाही. कुणाला ती पाच मिनिटं वाटतात, कुणाला अर्धा तास. आमची ओळ अशी आहे:

"दुसऱ्या फोनवर आहे, ११.२० ला येते, कर्जाचा विषय शेवटी घ्या, बाकी चालू ठेवा."

वेळ कळली की वाट किती बघायची ते ठरतं. कोणता विषय मागे ठेवायचा ते कळलं की बाकीची कामं अडत नाहीत. शेळीचं काय झालं, ते बैठक संपल्यावर सांगता येतं.

वेळ सांगताना पाच मिनिटं जास्तच धरा. ११.२० लाही फोन संपला नाही, तर दुसरी ओळ पाठवा: "मला जमत नाही, आकडे सचिवताईंकडे आहेत." पण त्यासाठी आकड्यांच्या वहीचा फोटो आदल्या रात्रीच सचिवताईंकडे गेलेला हवा. पुढच्या बैठकीच्या वेळी आम्ही तो पाठवला, आणि त्या बहिणीचं कर्ज मंजूर झालं.