दोहोंच्या जागीं एक

मराठी वाक्यांतल्या एका अगदीं लहानशा जागेविषयीं आज आपल्याशीं बोलावयाचें आहे. विशेषण आणि त्याला लागून येणारें नाम, एवढीच ती जागा. 'थोडी झोप', 'मोठा राग', 'मंद वारा', 'लहान तुकडा' असल्या जोड्या आपण दिवसभर बोलतों आणि पत्रांतून लिहितों. त्यांत व्याकरणाची चूक कांहीं नाहीं. पण पुष्कळदां त्या दोन शब्दांच्या मागें एक नेमका मराठी शब्द उभा असतो, आणि आपण त्याला हांक मारीत नाहीं.

जोडी दुबळी केव्हां म्हणावयाची, हें आधीं ठरवूं. नाम फार व्यापक असावें आणि विशेषणानें नुसतें माप सांगावें, म्हणजे जोडी दुबळी झाली. 'झोप' हा शब्द कुंभकर्णापासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांना पुरतो. 'थोडा' हें विशेषण मिठालाहि लागतें आणि पैशालाहि. अशीं दोन मोघम पदें शेजारीं बसविलीं तरी त्यांतून नेमका अर्थ निघत नाहीं. 'निळी शाई' ही जोडी मात्र दुबळी नव्हे. शाई म्हणजे काय हें ठाऊक आहे, आणि निळी म्हटल्यानें तांबडी व काळी बाजूला राहिली. 'मोठा', 'लहान', 'थोडा', 'फार', 'चांगला', 'वाईट' हीं मापाचीं विशेषणें दिसलीं कीं थांबून पाहावें; एरवीं फारसें अडत नाहीं.

आतां 'थोडी झोप' हीच जोडी घेऊं. बसल्या बसल्या मान एकाएकीं खालीं जाते आणि मनुष्य दचकून सावध होतो, ती डुलकी. कीर्तनांत मागच्या रांगेंतल्या मंडळींच्या माना ज्यामुळें पुन्हा पुन्हा झुकतात, ती पेंग. पापण्या जड होऊन आपोआप मिटूं लागतात, ती झापड. पहाटेची, अंथरूण सोडूं न देणारी, ती साखरझोप. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर आडवें होणें, ती वामकुक्षी; वाम म्हणजे डावी आणि कुक्षि म्हणजे कूस, हें त्या शब्दाच्या पोटांतच सांगून ठेविलेलें आहे. औषधानें भान हरपतें ती गुंगी, आणि ताप फार चढल्यावर किंवा शक्ति खचल्यावर रोगी निपचित पडतो ती ग्लानि.

ह्या शेवटच्या दोन शब्दांपाशीं थोडें थांबावेंसें वाटतें. घरांत आजारी मनुष्य आहे आणि डॉक्टरांना निरोप धाडावयाचा आहे, असें समजा. 'रोग्याला आतां थोडी झोप लागली आहे,' असा निरोप गेला तर डॉक्टर म्हणतील, बरें झालें, झोपूं द्या. 'रोग्याला ग्लानि आली आहे,' असा गेला तर ते हातांतलें काम टाकून निघतील. डोळे मिटलेले दोन्ही वेळां सारखेच दिसतात. निरोप देणाऱ्यानें शब्द कोणता निवडला, त्यावर डॉक्टर घरीं येण्याची वेळ ठरली. शब्द कमी झाले हा येथें वरचा फायदा. मूळ फायदा हा कीं, नेमका शब्द शोधूं लागलें म्हणजे आपणांस रोग्याकडे पुन्हा एकदां नीट पाहावें लागतें. हांक मारल्यावर तो ओ देतो काय? कूस बदलतो काय? ह्याचें उत्तर मिळाल्याखेरीज झोप कीं ग्लानि हें लिहितांच येत नाहीं. 'थोडी झोप' मात्र उंबऱ्यावरून डोकावूनहि लिहितां येते.

रागाचेंहि असेंच आहे. 'फार राग आला' ह्या तीन शब्दांत आंतला दाह असेल तर तो संताप. अन्याय पाहून येते ती चीड. आपल्या माणसानें समजूत घालावी म्हणून धरावयाचा तो रुसवा. आणि राग दुसऱ्याचा, पण त्याचा मारा स्वतःवर, म्हणजे ताट लोटावयाचें, डोकें आपटून घ्यावयाचें, तो त्रागा. काठेवाडांतील भाट व चारण आपल्या मागणीसाठीं स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवीत, त्या भयंकर प्रकारालाहि त्रागा म्हणत. आज आपण ज्याला त्रागा म्हणतों त्यांत शस्त्र उरलेलें नाहीं. स्वतःला इजा करून दुसऱ्याला नमविण्याची रीत तेवढी उरली आहे. म्हणून सासऱ्यांनीं जांवयावर नुसता आवाज चढविला, तर त्याला त्रागा म्हणूं नये.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. नाम बदललें कीं क्रियापदहि बदलावें लागतें. प्रत्येक नेमक्या नामाचें आपलें क्रियापद ठरलेलें असतें. डुलकी लागते किंवा घेतात, पेंग येते, गुंगी चढते. संताप होतो, रुसवा धरतात, त्रागा करतात. थंडीची हुडहुडी भरते. पाऊस पडतो हें खरें, पण सर येते आणि झड लागते. 'तीन दिवस सतत पाऊस पडला' ह्या वाक्यांत 'सतत पाऊस' खोडून तेथें 'झड' बसविली आणि 'पडला'चें नुसतें लिंग बदललें, तर 'तीन दिवस झड पडली' असें विचित्र वाक्य हातीं येतें. शब्द बरोबर असूनहि वाक्य कानाला खटकलें, तर आधीं क्रियापद तपासावें. बहुतेक वेळां दोष तेथेंच सांपडतो.

एक उतारा घेऊन हें प्रत्यक्ष करून पाहूं. पावसाळ्यांतल्या एका पत्रांत असा मजकूर आहे असें समजा: 'तीन दिवस सतत पाऊस पडत होता. आज सकाळीं थोडा वेळ पाऊस थांबला. दुपारीं जेवणानंतर आजोबांनीं थोडी झोप घेतली. खिडकींतून थंड आणि मंद वारा आला. कौलांच्या लहान फटींतून ऊन आंत येऊन भिंतीवर उजेडाचा लहान ठिपका पडला होता.' हे छत्तीस शब्द झाले. आतां जोड्या काढून टाकूं: 'तीन दिवस झड लागली होती. आज सकाळीं उघडीप मिळाली. दुपारीं आजोबांनीं वामकुक्षी केली. खिडकींतून झुळूक आली. भिंतीवर कवडसा पडला होता.' हे वीस. फट, ऊन आणि उजेडाचा ठिपका हीं तिन्ही एकट्या 'कवडसा' शब्दानें उचललीं; 'जेवणानंतर' हें पद वामकुक्षींत मुरलें; आणि 'थंड आणि मंद' ह्या दोन विशेषणांचा भार झुळुकीनें सहज घेतला.

पण हा वीस शब्दांचा मजकूर तसाच टपालांत टाकावा, असें मी म्हणणार नाहीं. तो पुन्हा वाचला म्हणजे तीन शंका येतात. पहिली उघडीपीची. मूळ वाक्यांत 'थोडा वेळ' होतें. उघडीप ही घटकेची असते तशी दोन दिवसांचीहि असते. वेळ थोडाच होता हें सांगणें अगत्याचें असेल, तर 'घटकाभर उघडीप मिळाली' असें लिहावें. दुसरी शंका आजोबांविषयीं. ते अंथरुणावर आडवे झाले होते, कीं आरामखुर्चींतच वर्तमानपत्र छातीवर घेऊन त्यांचा डोळा लागला? खुर्चींत लागला असेल तर ती वामकुक्षी नव्हे, डुलकी. आणि मग 'जेवणानंतर' हा शब्द परत आणावा लागेल. तिसरी शंका वाऱ्याची. झुळूक येते आणि जाते. वारा दुपारभर वाहत असेल, तर त्याला झुळूक म्हणणें खोटें होईल. तेथें 'मंद वारा'च ठेवावा. नेमका शब्द मोघम जोडीपेक्षां अधिक सांगतो, आणि तें अधिक सांगितलेलें खरें आहे किंवा नाहीं, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें.

शिवाय कानाचीहि एक तक्रार आहे. चार चार शब्दांचीं पांच वाक्यें ओळीनें आलीं, तर वाचतांना घण पडल्यासारखें वाटतें. विशेषणें गेल्यानें जागा मोकळी झाली आहे, तिचा उपयोग वाक्यें जोडण्याकडे करावा: 'तीन दिवस झड लागली होती, ती आज सकाळीं थांबून घटकाभर उघडीप मिळाली.'

नवा शब्द घातल्यावर जुनें विशेषण चोरपावलांनीं परत येतें, हेंहि पुष्कळदां घडतें. 'मंद झुळूक', 'लहान ओहोळ', 'थंड गारवा' हे प्रयोग वाचलेच असतील. असें विशेषण परत आलें कीं दोहोंपैकीं एक गोष्ट खरी: विशेषण सवयीनें लिहिलें आहे, किंवा तो शब्द वाचकाला समजेल असा भरंवसा आपल्याला वाटत नाहीं. सवयीचें असेल तर तें खोडावें. भरंवसा नसेल तर शब्दाचा पुन्हा विचार करावा.

असे शब्द शोधावे कोठें? कोश अक्षरानुक्रमानें लाविलेला असतो. ज्याला शब्द ठाऊक आहे त्याला तो अर्थ सांगतो. ज्याला अर्थ ठाऊक आहे पण शब्द आठवत नाहीं, त्याची कोशाच्या दारांत पंचाईत होते. १९३२ ते १९३८ ह्या वर्षांत दाते व कर्वे ह्यांनीं सिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग घरांत असले, तरी 'डुलकी' शोधण्यासाठीं आधीं 'डुलकी' आठवावी लागते. उलट बाजूनें जावयाचें तर मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश उपयोगीं पडतो. त्यांत एका इंग्रजी शब्दाखालीं मराठी पर्याय ओळीनें दिलेले आहेत. मराठी माणसानें मराठी शब्दासाठीं इंग्रजीच्या दारानें आंत शिरावें हें जरा लाजिरवाणें आहे खरें, पण तेथें शब्द मिळतात. त्याहूनहि जवळची जागा म्हणजे ज्याचें तें काम असेल तो मनुष्य. कोंवळ्या नारळाला शहाळें आणि गाईच्या मादी वासराला कालवड म्हणतात, हें माळ्याला आणि गवळ्याला विचारण्याचें काम. भाकरीच्या लहान तुकड्याला चतकोर केव्हां म्हणावें व केव्हां म्हणूं नये, हें स्वयंपाकघरांत विचारावें. चतकोर म्हणजे चौथा भाग. अर्धी भाकरी वाढून तिला चतकोर म्हटलें, तर तेथें लगेच चूक काढली जाईल.

अशा शब्दांना प्रदेशाची मर्यादा असते. कोंकणांत वहाळ म्हणतील, तेथें देशावर ओढा म्हणतील. रत्नागिरीच्या आत्यांना लिहितांना वहाळ लिहावा. सोलापुरास लिहितांना ओढा लिहावा. दोघांसाठीं एकच मजकूर असेल, तर त्या एका ठिकाणीं 'लहान प्रवाह' ही जोडीच राहूं द्यावी. तसेंच, दोन वस्तूंमधून एक निवडावयाची असते तेव्हां मापाचें विशेषण हलवूं नये. 'लहान पातेलें द्या, मोठें नको,' असें स्वयंपाकघरांतून सांगणें आलें, तर तेथें 'लहान' हाच नेमका शब्द आहे.