रिपोर्टमधलं एलडीएल कुणी मोजलंच नसेल तर?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. आज विषय आहे रक्ताच्या रिपोर्टमधल्या दोन ओळींचा: एलडीएल आणि एचडीएल.

माझा मामेभाऊ कागलला असतो. वय एकतीस. गेल्या वर्षी त्यानं मला त्याचा लिपिड प्रोफाइल व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "भावा, बघ. वाईट कोलेस्टेरॉल ९६. एकदम ओके!" एलडीएलसमोर लाल खूण नव्हती, म्हणून गडी खूश. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण आकड्यांचा तक्ता दिसला की कुठला आकडा थेट आलाय आणि कुठला दुसऱ्या आकड्यांवरून काढलाय, हे बघायची सवय लागलेली असते. त्याच्या एलडीएलच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कॅल्क्युलेटेड". म्हणजे तो आकडा मशीननं मोजलेलाच नव्हता.

आधी हे नक्की काय असतं ते बघू. कोलेस्टेरॉल चरबीसारखं असतं, रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर ते प्रथिनाच्या आवरणातल्या बारीक गोळ्यांमध्ये भरून फिरवतं. गोळ्यात चरबी जास्त आणि प्रथिन कमी असलं की तो हलका. तो एलडीएल, म्हणजे कमी घनतेचा. प्रथिन जास्त असलं की तो जड. तो एचडीएल. ताकावर लोणी का तरंगतं हे आपल्याला ठाऊक आहे, त्यातलाच प्रकार. आतलं कोलेस्टेरॉल मात्र दोन्हीकडे तेच असतं. "चांगलं" आणि "वाईट" हे गाडीचं नाव आहे, मालाचं नाही. एलडीएलच्या गाड्या फार झाल्या की त्या रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात आणि तिथं माल साठत जातो. एचडीएल उलट दिशेनं काही माल यकृताकडे परत नेतं.

रिपोर्ट या गाड्या मोजत नाही. एक डेसिलिटर रक्तात त्या गाड्यांमधून किती मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल चाललंय, ते सांगतो.

आता हिशोबाकडे येऊ. बहुतेक लॅबमध्ये तीन गोष्टी मशीनवर मोजतात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. एलडीएल वेगळं मोजायची डायरेक्ट पद्धत आहे, पण बऱ्याच ठिकाणी वजाबाकीच करतात. आपल्याकडं दूध संस्थेत पूर्वीपासून हेच चालत आलंय. फॅट मोजायची, लॅक्टोमीटरची डिग्री बघायची आणि त्या दोन्हींवरून सूत्रानं एसएनएफ काढायचं. डिग्री चुकली की एसएनएफ चुकलं, हे घरात म्हैस असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एलडीएलचं सूत्र असं आहे:

```
LDL = TC - HDL - TG/5
```

TC म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल, TG म्हणजे ट्रायग्लिसराइड. अमेरिकेतल्या फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तिघांनी हे सूत्र १९७२ मध्ये मांडलं. एलडीएल, एचडीएल सोडून आणखी एक गाडी असते, व्हीएलडीएल. ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाहते, थोडं कोलेस्टेरॉलही. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात तिच्यातलं ट्रायग्लिसराइड हे कोलेस्टेरॉलच्या साधारण पाचपट असतं, असं त्यांनी धरलं. म्हणून पाचानं भागायचं. रिपोर्टमध्ये व्हीएलडीएलची जी ओळ असते, ती बहुतेक वेळा हाच भागाकार असते.

पण हा पाच कायम पाच राहत नाही. ट्रायग्लिसराइड वाढलं की प्रत्येक गाडीत ते जास्त भरलं जातं, म्हणजे पाचाऐवजी सहा-सात होतं. शिवाय जेवणानंतर आतड्यातून वेगळे गोळे रक्तात येतात. त्यांच्यात ट्रायग्लिसराइड भरपूर आणि कोलेस्टेरॉल अगदी कमी असतं. सूत्र मात्र पाचानंच भागतं, गरजेपेक्षा जास्त वजा करतं, आणि एलडीएल खोटं कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं तर हे सूत्र वापरू नये, असं ते मांडणाऱ्यांनीच सांगितलं होतं. ४००च्या जरा खाली असलं तर? तर रिपोर्ट गुपचूप छापून येतो.

भावाचे आकडे असे होते. एकूण २०४, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड ३७०. आदल्या रविवारी रात्री उशिरा तांबडा-पांढरा झालेला, सकाळी चहा-बिस्किटं, आणि लगेच रक्त दिलेलं. ३७० भागिले ५ म्हणजे ७४. २०४ वजा ३४ वजा ७४, उरले ९६. याच ठिकाणी भागाकार साडेसहानं केला असता तर ५७ वजा झाले असते आणि एलडीएल ११३ आलं असतं. रक्त तेच, माणूस तोच.

त्याला म्हटलं, बारा तास उपाशी राहून परत दे. दोन आठवड्यांनी दिलं. एकूण २००, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०, आणि एलडीएल १२२! त्याचा लगेच फोन. "अरे, दोन आठवडे मटण बंद केलं आणि हे वाढलं कसं?" वाढलं नव्हतं. आधी लपलेलं बऱ्यापैकी बाहेर आलं होतं.

अशा वेळी एक आकडा कामाला येतो, आणि तो काढायला फक्त एक वजाबाकी लागते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीत माल साठवू शकणाऱ्या सगळ्या गाड्यांचं कोलेस्टेरॉल यात येतं, आणि पाचाचा अंदाज कुठंच लागत नाही. भावाचं पहिल्या वेळी १७०, दुसऱ्या वेळी १६४. जवळजवळ तेच. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी हा नमुना भारतीयांत बराच दिसतो, त्यामुळं इथले हृदयरोगतज्ज्ञ या आकड्याला महत्त्व देतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण माणसासाठी एलडीएल १००च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३०च्या खाली असावं असं आहे. धोका जास्त असेल तर ७० आणि १००. पहिल्या रिपोर्टमध्ये भावाचं एलडीएल हद्दीच्या आत होतं, नॉन-एचडीएल ४० नं बाहेर.

आणि एचडीएल? पुरुषात ४०च्या खाली, बाईत ५०च्या खाली म्हणजे कमी. ते बहुतेकदा इतर गडबडीची खूण असतं: पोटाचा घेर, वाढलेली साखर, तंबाखू, बसून काम. पण नुसतं एचडीएल वाढवणारी औषधं देऊन बघितली, तर अपेक्षेसारखे हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्यामुळं "माझं एचडीएल ६५ आहे, मग एलडीएल कितीही चालेल" हा हिशोब बसत नाही.

तर मंडळी, आज फोनमधला जुना रिपोर्ट उघडा. एलडीएलसमोर डायरेक्ट लिहिलंय की कॅल्क्युलेटेड, ते बघा. ट्रायग्लिसराइड किती ते बघा. मग ती वजाबाकी करा. आकडा १३०च्या वर असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि साखर, बीपी, तंबाखू, घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला होता का, हेही सांगा. औषध लागतं की नाही हे त्या सगळ्यावरून ठरतं. भाऊ गेला. डॉक्टरांनी त्याची साखर तपासली, तीही हद्दीवरच निघाली. सध्या तो रोज संध्याकाळी चालतो आणि तीन महिन्यांनी परत रक्त देणार आहे. उपाशीपोटी.