दीड जीबीचा हौद
(स्नेहमेळाव्यात केलेल्या मनोगताचा मजकूर)



निवेदिकेने माझी ओळख 'सॉफ्टवेअरमधली मोठी इंजिनिअर' अशी करून दिली. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, तेही मी ऐकलं! गणिताच्या तोंडी परीक्षेत हौद आणि नळांचं उदाहरण चुकवणारी मीच, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आहे. आज त्याच हौदाबद्दल बोलणार आहे. सर, या वेळी उत्तर बरोबर यावं अशी आशा आहे.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा मुलगा पुण्यात खाद्यपदार्थांची डिलिव्हरी करतो. ती इथे बसली आहे, पण नाव घेऊ नकोस म्हणाली आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत गाडीवर. मला मावशी म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री पावणेआठला त्याचा फोन आला. "मावशी, माझा मोबाईल बिघडलाय. नेटवर्कच्या काड्या फुल आहेत, पण नकाशा नुसता राखाडी दिसतोय."

कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर तो भिजत उभा होता. ग्राहकाला फोन लागला, कारण साध्या कॉलला डेटा पॅक लागत नाही. त्या बाईंनी तोंडी रस्ता सांगितला आणि जेवण पोचलं. अडचण त्यानंतर आली. पार्सल दिल्याचा फोटो ॲपवर चढत नव्हता. फोटो चढल्याशिवाय ऑर्डर 'पूर्ण' होत नव्हती आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पुढची मिळत नव्हती. बाहेर जेवणाच्या ऑर्डरींची ऐन गर्दीची वेळ, आणि हा जिन्याखाली फिरत्या चक्राकडे बघत वीस मिनिटं उभा!

मी म्हटलं, "व्हॉट्सॅपवर मला नुसता एक शब्द पाठव." तो आला, थोड्या वेळाने का होईना. मग माझ्या लक्षात आलं. मोबाईल बिघडला असता किंवा रेंज गेली असती, तर शब्दही आला नसता. काड्या पूर्ण, लहान मजकूर रांगत जातो, आणि फोटो, नकाशा, पैसे भरणं यांपैकी काहीच होत नाही, ही दिवसाचा डेटा संपल्याची खूण आहे. त्याचा पॅक रोज दीड जीबीचा. तो संपला की नेट पूर्ण बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. एसएमएसच्या ढिगात कंपनीचे दोन संदेश होते, अर्धा डेटा संपल्याचा आणि नव्वद टक्के संपल्याचा. गाडी चालवताना एसएमएस कोण वाचतो?

आता हे ६४ केबीपीएस म्हणजे किती? इथे ६४ हा आकडा 'बिट'मध्ये आहे आणि फाईलचा आकार आपण 'बाईट'मध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाईट. त्याच्या फोटोचा आकार ३ एमबी, म्हणजे ३००० किलोबाईट धरा. ३००० भागिले ८, म्हणजे ३७५ सेकंद. सव्वासहा मिनिटं! ॲप काही एवढी वाट पाहत नाही. ते मिनिटभराने कंटाळून प्रयत्न सोडतं आणि फोटो पुन्हा पहिल्यापासून पाठवायला घेतं. गळका हंडा भरायला बसावं तसं. तासभर उभा राहिला असता तरी फोटो गेला नसता.

शेवटी सोसायटीच्या वॉचमनकाकांनी स्वतःचा हॉटस्पॉट दिला. फोटो गेला, आणि त्याच हॉटस्पॉटवर त्याने एक जीबीचा वीसेक रुपयांचा जादा पॅक टाकला. पॅक टाकायलासुद्धा नेट लागतं, हे त्याला तेव्हा कळलं. त्या रात्रीच्या बोनसला मात्र त्याला दोन ऑर्डरी कमी पडल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तो घरी आला. मी चहा टाकला आणि वही-पेन काढलं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' अशा नावाचं पान असतं. कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला, त्यातला किती आपण ॲप वापरताना गेला आणि किती आपल्या नकळत मागच्या दाराने गेला, हे तिथे दिसतं. आदल्या दिवसाचा हिशेब आम्ही लिहिला. सोयीसाठी दीड जीबी म्हणजे १५०० एमबी धरले.

डिलिव्हरीचं ॲप आणि नकाशा मिळून १९० एमबी. व्हॉट्सॅप २७०. रील्स आणि व्हिडिओ ७१०. उरलेले ३३० फोटोंचा बॅकअप आणि ॲपांचे अपडेट यांत, म्हणजे त्याने हातही न लावता गेलेले.

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. "म्हणजे मावशी, ज्याच्यावर माझं पोट आहे, त्याला फक्त १९० लागले?"

हो. नकाशाला फारसा डेटा लागत नाही. आपण कुठे आहोत हे मोबाईलला उपग्रहांच्या संदेशांवरून कळतं, त्याला डेटा लागतच नाही. डेटा लागतो तो रस्त्यांचं चित्र, वाहतुकीची माहिती आणि पत्त्याचा शोध यांना. तासभर व्हिडिओ बघायला जेवढा डेटा जातो, तेवढ्यात कित्येक दिवस रस्ता शोधता येईल.

पण खरा चोर आणखी पुढे सापडला. त्या ७१० मधले सुमारे ४०० एमबी रात्री बारा ते एकच्या दरम्यान गेले होते. तो अकराला काम संपवतो, घरी येऊन जेवतो आणि अंथरुणावर पडून तासभर व्हिडिओ बघतो. त्याचा समज असा, की हा आजचा उरलेला डेटा आहे. पण त्याच्या पॅकचा हौद बरोबर मध्यरात्री नव्याने भरतो. आदल्या दिवसाचं उरलेलं पाणी वाहून गेलेलं असतं आणि बारानंतर बघितलेला प्रत्येक व्हिडिओ उद्याच्या हौदातून जातो. शनिवारची पाळी सुरू होण्याआधीच चौथ्या हिश्श्याहून जास्त हौद रिकामा होता.

सर, तुमच्या उदाहरणात एक नळ भरणारा असायचा आणि दोन रिकामे करणारे. इथे भरणारा नळ दिवसातून एकदाच सुटतो आणि रिकामे करणारे चार आहेत. त्यांतले दोन आपल्याला दिसतच नाहीत.

मग आम्ही न दिसणारे नळ आधी बंद केले. ॲपांचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप 'फक्त वायफायवर'. व्हॉट्सॅपमध्ये मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद, म्हणजे ज्यावर बोट ठेवू तेवढंच उतरेल. पुण्याचा नकाशा माझ्या घरच्या वायफायवर उतरवून घेतला, म्हणजे डेटा संपला तरी रस्ता दिसेल. अशा नकाशात वाहतुकीची कोंडी दिसत नाही आणि तो अधूनमधून ताजा करावा लागतो, एवढी त्याची मर्यादा.

एक चूक माझ्याकडून झाली. मी उत्साहाने डेटा सेव्हर चालू करून दिला. संध्याकाळी त्याचा फोन, "मावशी, ऑर्डरी उशिरा वाजतायत." नकाशा समोर उघडा असताना डिलिव्हरीचं ॲप मागे जातं, आणि मागच्या ॲपांचा डेटा रोखणं हेच तर डेटा सेव्हरचं काम. कामाच्या ॲपला त्यातून वेगळी सूट द्यावी लागते. तेवढी सेटिंग बदलली आणि ऑर्डरी वेळेवर वाजू लागल्या. तिथेच 'डेटा मर्यादा' नावाचं बटण आहे, त्याला मात्र हात लावायचा नाही असं ठरवलं. आकडा गाठला की ते मोबाईल डेटा पूर्णच बंद करतं, आणि त्याचा हिशेब महिन्याचा असतो, रोजच्या हौदाशी त्याचा मेळ नाही.

उरलेलं काम वहीचं. कामासाठी ३०० एमबी राखीव, त्यांना हात लावायचा नाही. रोजच्या १९० वर हे शंभरेक जास्त ठेवले, पाऊस आणि पत्ता चुकण्यासाठी. घरी आईशी व्हिडिओ कॉलसाठी २५०. उरलेले त्याचे, हवे तसे उडवायचे. पण तीन वेळा मोजायचं: काम सुरू करताना, सहा वाजता आणि नऊ वाजता. सहाला ५०० च्या खाली गेला, तर हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघताना रील्स नाहीत. आणि मनसोक्त बघायचं ते रात्री बाराच्या आत, कारण तेव्हा उरलेलं तसंही वाहून जाणारच असतं.

पहिल्या आठवड्यात दोनदा मोडलं. आता पाच महिन्यांत त्याला फक्त एकदा जादा पॅक घ्यावा लागला. आजी दवाखान्यात होती आणि दिवसभर व्हिडिओ कॉल चालू होते. तो पॅक त्याने सकाळीच टाकला, नेट धड चालू असताना.

आता माझं. मी ज्या कार्यालयात काम करते, तिथे आमचा गट फिरत्या कर्मचाऱ्यांसाठी ॲप बनवतो. त्यात फोटो चढवायची सोय मीच लिहिली होती. ऑफिसच्या वायफायवर बसून, मूळ आकारातच. फोटो अडकला तर पुन्हा पहिल्यापासून, तेही मीच लिहिलं होतं. जिन्याखाली भिजत उभं राहणारं कुणी माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही दोन बदल केले. फोटो पाठवण्याआधी मोबाईलमध्येच लहान होतो, ३ एमबीचा साधारण २०० किलोबाईट, आणि पावतीवरची अक्षरं तरीही वाचता येतात. ६४ केबीपीएसवर त्याला पंचवीस सेकंद लागतात. आणि नेट नसेल तर फोटो रांगेत थांबतो, माणसाला पुढच्या कामाला जाऊ देतो.

यातलं एकही गणित इंजिनिअरिंगचं नव्हतं. भागाकार होता आणि हौद होता. पदवी घेऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण हे आकडे मांडायला मला एक मुलगा पावसात अडकावा लागला, याची लाज वाटते.

तो मुलगा आज बाहेर पार्किंगमध्ये आहे. आईला गाडीवर घेऊन आला आहे. मघाशी त्याला विचारलं, आज किती उरला? मोबाईल न काढता म्हणाला, "नऊशे." मी तपासलं. नऊशे वीस होते.

सर, उदाहरण सुटलं असं समजू का?