सिझेरियननंतरची नैसर्गिक प्रसूती : गर्भाशयावरील व्रणाचा विचार



पहिली प्रसूती सिझेरियनने झाली की दुसरीही त्याच मार्गाने होणार, असा समज आपल्या घराघरांत रूढ आहे. या समजाचे मूळ जुने आहे. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली ‘एकदा सिझेरियन म्हणजे कायम सिझेरियन’ अशा आशयाचे विधान केले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेण्याची रीत होती. प्रत्येक कळेबरोबर आकसणारा भाग तोच असल्याने तेथील व्रण, म्हणजे टाके भरून आल्याची जागा, उसवण्याचे भय मोठे होते. पुढे खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत आली. हा भाग कळांच्या वेळी फारसा आकसत नाही. त्यामुळे व्रणावरील ताण कमी झाला आणि नैसर्गिक प्रसूतीचा विचार शक्य झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोटाच्या कातडीवरील खूण आडवी असली म्हणजे आतील छेदही आडवाच असेल, असे नाही. तो कळतो शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि कागदही तेथेच राहतात! शहाडच्या सासरी दुसऱ्या खेपेस दिवस राहिले की हाती असते ती केवळ घरच्यांची आठवण.

उदाहरण घेऊ. शहाडची एक सून. तीन वर्षांपूर्वी नाशिककडील माहेरी मूल पायाळू होते म्हणून तिचे सिझेरियन झाले. आता दुसऱ्या खेपेस आठवा महिना संपत आला आहे. माहेराहून मागविलेल्या नोंदीत ‘खालचा भाग, आडवा छेद’ असे स्पष्ट लिहिले आहे. या वेळी बाळाचे डोके खाली आहे, वार जुन्या व्रणावर आलेली नाही, मातेस रक्तदाबाचा विकार नाही. पहिल्या वेळचे कारण या वेळी उरलेले नाही, ही तिची मोठी जमेची बाजू होय. कळा चालू होऊनही मूल खाली सरकले नाही म्हणून ज्यांचे सिझेरियन झाले, त्यांना यशाची आशा थोडी कमी असते. एरवी निवड योग्य असेल तर अशा चारपैकी सुमारे तीन स्त्रिया नैसर्गिकरीत्या प्रसूत होतात. पूर्वी एकदा तशी प्रसूती झालेली असल्यास प्रमाण आणखी वाढते.

उभा छेद झालेला असेल, व्रण पूर्वी फाटलेला असेल किंवा वार गर्भाशयाचे तोंड झाकून बसली असेल, तर मात्र हा मार्ग नाही. आधीच्या सिझेरियनला वर्षही उलटलेले नसेल तर धोका वाढतो.

आता मुख्य प्रश्न. आपोआप कळा सुरू झालेल्या सुमारे दोनशे स्त्रियांत एकीचा व्रण फाटतो. ठरवून केलेल्या दुसऱ्या सिझेरियनमध्ये ही भीती अत्यल्प असते. औषधाने कळा आणल्यास वा वाढविल्यास धोका दोन ते तीन पट होतो. म्हणून आपोआप कळा येण्याची वाट पाहणे बरे.

व्रण फाटला हे कसे ओळखावे? प्रचंड वेदना उठेलच, अशी कल्पना करून बसू नये. बहुधा प्रथम बदलतात ते बाळाच्या हृदयाचे ठोके. म्हणूनच कळा चालू असता ते यंत्रावर अखंड पाहिले जातात. दोन कळांच्या मध्येही न थांबणारे दुखणे, अंगावरून रक्त जाणे, लघवीत रक्त, चालू कळा एकाएकी थांबणे, खाली आलेले डोके पुन्हा वर सरकणे, मातेची नाडी जलद होणे, या इतर खुणा. त्यानंतर हाती असतात ती मिनिटे. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि जुळणारे रक्त त्याच इमारतीत तयार हवे. लहान प्रसूतिगृहातून शहाडच्या पुलावरील गर्दी ओलांडून कल्याणला पोहोचण्याइतका अवधी तेव्हा नसतो. रुग्णालय निवडताना विचारावयाचा प्रश्न हाच, की रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ येथे असतो की बोलवावा लागतो?

आपल्या उदाहरणातील सुनेने कळा सुरू होताच रुग्णालयात जावयाचे आहे, घरी थांबावयाचे नाही. तास उलटूनही गर्भाशयाचे तोंड उघडत नसेल, तर दुसरे सिझेरियन करावे लागेल. कळा सोसून मग केलेली शस्त्रक्रिया ठरवून केलेलीपेक्षा अधिक त्रासाची असते, हे तिला व घरच्यांना आधी सांगितलेले असावे. उलट, प्रत्येक सिझेरियनगणिक पुढच्या गरोदरपणी वार व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. तिसरे मूल हवे असेल तर हेही हिशेबात धरावे लागते. चाळीसावा आठवडा उलटूनही कळा आल्या नाहीत तर काय करावयाचे, हे डॉक्टरांशी छत्तिसाव्या आठवड्यातच ठरवून त्याच कागदावर लिहून घ्यावे.