लोखंडी सांगाड्याची तपासणी

मुंबईच्या काळा घोडा भागातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वाश्रमीचे वॉटसन हॉटेल, 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभारले गेले. 2005 साली या इमारतीचा काही भाग कोसळला आणि 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडून टाकण्याची शिफारस केली, तेव्हा जतन आणि जीवित यांचा पेच ऐरणीवर आला.

अशा इमारतीचा परीक्षक प्रथम धातूची जात ओळखतो, कारण ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, परंतु ताणाखाली पूर्वसूचना न देता तडकते. भिंतीत पुरलेला लोखंडी भाग गंजला, की तो फुगून विटांना उभी भेग पाडतो. म्हणून तशी भेग दिसताच केवळ गिलावा न करता भिंत उघडून धातूची उरलेली जाडी मोजावी लागते, आणि गणित त्या जाडीवर करावे लागते, मूळ नकाशावर नव्हे.

सुरक्षेचा पहिला हुकूम बहुधा सोपाच असतो: मागाहून चढवलेले पोटमाळे व पाण्याच्या टाक्या उतरवाव्यात, धोक्याच्या सज्जांना टेकू द्यावेत, आणि तेथील रहिवाशांना तातडीने हलवावे. त्यानंतर सडलेला तेवढाच भाग बदलावा, आणि शक्यतो असा, की पुढे कोणास तो काढता येईल. माझ्या मते, दुरुस्तीचा हा हिशेब मांडल्यावाचून पाडकामाची शिफारस करणारा अहवाल अपुराच समजावा.