भिंतीचा एक फोटो पुरत नाही
(कुडवा, जि. गोंदिया येथे युवक-युवतींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बांधकामाचा इंजिनिअर. त्यामुळे माझ्या मोबाईलवर लग्नपत्रिकांपेक्षा भिंतींचे फोटो जास्त येतात. खाली एकच प्रश्न असतो, "सर, घाबरण्यासारखं आहे का?" फोटोत पांढऱ्या रंगावर एक काळी रेघ दिसते. ती केसाएवढी आहे की बोट जाईल एवढी, हे कळत नाही. भिंत घराच्या आतली की बाहेरची, तेही कळत नाही.

आपल्याच इथल्या एका मुलीने मागे असाच फोटो पाठवला होता. तिच्या परवानगीने त्या घराची गोष्ट सांगतो. उत्तर द्यायच्या आधी मी तिच्याकडून आणखी तीन फोटो मागवले. एक लांबून, ज्यात पूर्ण भिंत, खिडकी आणि छत दिसेल. दुसरा जवळून, मोबाईल भिंतीला सरळ समोर धरून, भेगेवर शाळेची फुटपट्टी आडवी ठेवून. त्याच वेळी टॉर्च बाजूने मारायचा, म्हणजे भेगेची एक कड पुढे आली असेल तर तिची सावली पडते. तिसरा फोटो त्याच जागेचा, पण भिंतीच्या पलीकडून.

फुटपट्टी नसेल तर जुनं, बंद झालेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. कार्डाची कड भेगेत शिरली, तर भेग केसाएवढी राहिलेली नाही. (चालू कार्डाचा फोटो मात्र कुणालाही पाठवू नका, मलासुद्धा!) भारतीय मानक संस्थेची भेगांवरची पुस्तिका १९८४ची आहे. तिच्यात एक मिलिमीटरच्या आतली भेग बारीक, एक ते दोनची मध्यम आणि दोनच्या वरची रुंद मानली आहे.

पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. भेग कुठे आहे, ते आधी बघा.

प्लास्टरची भेग बहुतेक वेळा जाळ्यासारखी पसरते, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी. सिमेंट जास्त पडलं किंवा प्लास्टरला नीट पाणी मारलं नाही की ती येते. बोटाने ठोकलं तर कधी पोकळ आवाज येतो, आणि भिंतीच्या पलीकडे काहीच नसतं. कॉलम-बीमच्या घरात वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथेही सरळ रेघ उमटते, बीमखाली आडवी नाहीतर कॉलमशेजारी उभी. दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या आक्रसतात, म्हणून तसं होतं. आपल्या उन्हाळ्यात स्लॅब तापून पसरतो, तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यावर छताच्या लगेच खाली आडवी भेग पडते. ही सगळी दिसायला वाईट आहेत, पाणीही झिरपतं, पण यातल्या बहुतेकांनी घर पडत नाही.

आता उलट बघा. कॉलमवर उभी, केसाएवढी भेग आहे आणि तिच्याशेजारी तांबूस डाग आहे. रुंदी नगण्य. तरी आतली सळी गंजू लागली आहे असं समजा. गंज सळीपेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. कॉलमची अशी बारीक भेग आतल्या पडदीभिंतीवरच्या दोन मिलिमीटरच्या भेगेपेक्षा मला जास्त काळजीत टाकते. अशा भेगेवर खुणा करून महिनोन्‌महिने वाट बघायची नसते, इंजिनिअरला लगेच बोलवायचं. आणि काँक्रीटचे तुकडे पडू लागले, कडकड आवाज येऊ लागला, काल लागणारं दार आज अडकलं, तर सामान न आवरता आधी माणसं बाहेर काढा.

इमारत नवी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२०ला पडली आणि १६ माणसं गेली. ती काही शंभर वर्षांची चाळ नव्हती, दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. महापालिकांच्या हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतींची तपासणी करून घेण्याचा कायदा आहे, पण तारिक गार्डनसारखी इमारत त्या नियमात बसतच नाही.

आता त्या मुलीच्या घराकडे येऊ. घर बैठं, विटांच्या भिंतींवर स्लॅब. इथे "ती नुसती भिंत आहे" असं म्हणता येत नाही, कारण कॉलम नाहीत, भिंतच छत उचलते. भेग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली होती, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या पायऱ्यांनी वर गेली होती. बाहेरच्या बाजूलाही तीच रेघ, त्याच जागी. खिडकीजवळ अर्धा मिलिमीटर, स्लॅबजवळ जवळपास दोन. म्हणजे भेग प्लास्टरपुरती नव्हती. वर रुंद आणि खाली अरुंद भेग दिसली की घराचा एक कोपरा खाली जातोय अशी पहिली शंका येते. त्या कोपऱ्याला लागूनच मोठं कडुनिंबाचं झाड होतं, आणि जमीन कन्हार, म्हणजे ओली झाली की फुगणारी, सुकली की फाटणारी काळी माती.

पण कोपरा अजून चालतोय की थांबलाय, हे एका दिवसाच्या फोटोंतून कळत नाही. म्हणून आम्ही भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवला, अंतर साधारण १०० मिलिमीटर, आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजायला सुरुवात केली. मोजणारी तीच, वेळ सकाळचीच, कारण दुपारच्या उन्हात भिंतसुद्धा हलते. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी खूण आणि तारीख. वहीत आकड्याशेजारी पाऊस पडला का, तेही लिहायचं.

जूनच्या सुरुवातीला आकडा होता १००.४. ऑगस्टमध्ये ९९.९, ऑक्टोबरमध्ये ९९.६. भेग मिटत होती! घरात सगळे खूश. मी म्हटलं, मे येऊ द्या. जानेवारीत ९९.९ आणि मेमध्ये १००.५. म्हणजे पावसात माती फुगून कोपरा वर येतो, उन्हाळ्यात झाड पाणी ओढतं आणि तो खाली जातो. वर्षअखेर आकडा जवळपास होता तिथेच आला, पेन्सिलच्या खुणेपुढे भेग गेली नाही. तो प्रत्येक महिन्यात वाढतच गेला असता, १००.४, १००.८, १०१.३ असा, तर मी वर्षभर थांबलो नसतो. पुढे कोपऱ्यात खड्डा खणून पाया पाहिला, तेव्हा तो उथळ निघाला आणि मुळं खालपर्यंत गेलेली होती. झाड एकदम तोडू दिलं नाही, कारण मग माती उलट फुगत राहते. दरवर्षी छाटणी करायची आणि मोजणं चालू ठेवायचं असं ठरलं.

या वर्षात एकदा भांडण मात्र झालं. ईद जवळ आली, पुताई सुरू झाली, आणि अब्बूंनी मिस्त्रीला भेगेत पुट्टी भरायला सांगितली. त्यांची बाजूही खरी आहे, सणाला पाहुणे येतात. मुलीने तोड काढली. भिंत रंगवा, पण स्क्रू काढू नका आणि रंगाआधीचे फोटो तारखेसकट ठेवा. स्क्रू राहिले म्हणून आकडे राहिले. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. घर द्यायच्या आधी पुट्टी मारलेली असते, भेग नव्याने दिसते, आणि मालक म्हणतो ती तुमच्यामुळे पडली. पहिल्याच दिवशी काढलेले फोटो आणि वही असली, तर मालकाशी बोलताना किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देताना नुसत्या तक्रारीऐवजी तारखा दाखवता येतात.

एवढंच सांगायचं होतं. ज्यांनी मोबाईलमध्ये फोटो आणलेत त्यांनी पुढे या. कॉलमचे फोटो असतील ते आधी दाखवा, भिंतींचे नंतर बघू.