वार्षिक सभेची नोटीस लिहिताना

सहकारी संस्थेचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. समजा, आपली महिला दूध संस्था आहे. संचालक मंडळाने सभेची तारीख आणि विषय ठराव करून ठरवले: 21 सप्टेंबर, दुपारी 1 वाजता, समाजमंदिर. आता सचिवाने नोटीस काढायची.

नोटीस साधारणपणे पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. तुमच्या संस्थेचे पोटनियम उघडून आकडा पाहून घ्या. पूर्ण दिवस मोजताना नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. म्हणून 21 तारखेच्या सभेची नोटीस 6 तारखेपर्यंत हातात पडली पाहिजे; मध्ये 7 ते 20 असे 14 दिवस मिळतात. दूध घालायला येणाऱ्या बायकांकडून वहीत सही आणि तारीख घ्यावी. ‘मला कळलंच नाही’ असं उद्या कुणी म्हटलं, तर फळ्यावरची नोटीस पुरत नाही, ही वही कामी येते.

खरी मेख विषयपत्रिकेत असते. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं, अहवाल आणि ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, लेखापरीक्षकाची नेमणूक हे नेहमीचे विषय आपण लिहितोच. पण नफ्याचा विषय कसा लिहितो? ‘नफा वाटणीबाबत विचार करणे’ एवढं वाचून घरच्या बाईला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: ‘गेल्या वर्षीच्या 84,000 रुपये निव्वळ नफ्याच्या, संचालक मंडळाने शिफारस केलेल्या वाटणीस मंजुरी देणे, पैकी राखीव निधीस 21,000 रुपये.’ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून 21,000. हे वाचलं की उरलेल्या 63,000 चं काय करणार, हे विचारायला ती सभेला येते.

शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ ही ओळ असते. तिच्यावर माझा डोळा असतो! दूध तपासायचं महागडं यंत्र घेण्याचा ठराव या ओळीखाली घुसवला, तर न आलेल्या सभासदांना तो समजतच नाही. मोठा खर्च किंवा पोटनियम दुरुस्ती असेल तर स्वतंत्र क्रमांक द्यायचा, आणि दुरुस्तीचा जुना-नवा मजकूर सोबत जोडायचा. दुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते.

नोटिशीच्या तळाला एक टीप हवी: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने याच विषयांवर घेण्यात येईल.’ वेळ पोटनियमाप्रमाणे लिहा. त्या सभेत नवा विषय घेता येत नाही. मग खाली ‘संचालक मंडळाच्या आदेशावरून’, सचिवाची सही, शिक्का आणि तारीख.